फायरवॉलला बकेटांची यादी कशाला हवी?

२०१९च्या मार्च महिन्यात कॅपिटल वन या अमेरिकन बँकेच्या क्लाउडमधून ग्राहकांची माहिती चोरीला गेली. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची नावे, पत्ते, उत्पन्नाचे आकडे त्यात होते. क्रेडिट कार्डासाठी २००५पासून आलेले अर्जही होते. बँकेला याचा पत्ता लागला तो जुलैत, आणि तोही बाहेरच्या एका माणसाने ईमेल करून सावध केल्यामुळे. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड विभागात पूर्वी काम केलेल्या एका व्यक्तीला अटक झाली, पुढे २०२२मध्ये न्यायालयाने तिला दोषी ठरवले.

या प्रकरणाची न्यायालयीन कागदपत्रे आजही वाचण्यासारखी आहेत, कारण सगळी चोरी त्यांत जेमतेम तीन आज्ञांमध्ये मांडली आहे. पहिल्या आज्ञेने चाव्या मिळवल्या, दुसरीने बकेटांची यादी मागितली आणि तिसरीने त्या बकेटांतला मजकूर उतरवून घेतला. बकेट म्हणजे क्लाउडमध्ये फायली ठेवण्याची जागा. अशी सातशेहून अधिक बकेट किंवा फोल्डर त्या चाव्यांनी उघडत होती.

त्या चाव्या कुणा अधिकाऱ्याच्या किंवा डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या नव्हत्या, माणसाच्याच नव्हत्या. त्या एका फायरवॉलच्या होत्या. वेबसाइटवर येणारी मागणी तपासायची, संशयास्पद वाटली तर अडवायची, एवढेच तिचे काम.

फायरवॉलला चाव्या लागतात कशाला, हे आधी पाहू. क्लाउडमध्ये माणसांप्रमाणे प्रोग्रामांनाही ओळख द्यावी लागते, कारण त्यांनाही फायली वाचायच्या-लिहायच्या असतात. माणूस पासवर्ड टाकून आत येतो. प्रोग्रामला पासवर्ड लिहून दिला तर तो कधी ना कधी बाहेर फुटतो, म्हणून अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये सर्व्हरला एक ‘रोल’ जोडतात. गूगलच्या क्लाउडमध्ये हेच काम सर्व्हिस अकाउंट करते. रोल जोडलेल्या सर्व्हरवरचा प्रोग्राम एका ठरावीक अंतर्गत पत्त्यावर विचारणा करतो आणि त्याला काही तासांपुरत्या चालणाऱ्या चाव्या मिळतात. तो पत्ता असा:

```
http://169.254.169.254/latest/meta-data/iam/security-credentials/
```

बाहेरच्या माणसाला हा पत्ता थेट गाठता येत नाही. पण ही फायरवॉल चुकीची बसवलेली होती. बाहेरून कुणी सांगितले की अमुक पत्त्यावर जाऊन काय मिळते ते आणून दे, तर ती मुकाट्याने आणून देत होती. चोराने तिला याच पत्त्यावर पाठवले. परत आल्या त्या तिच्या स्वतःच्या रोलच्या चाव्या.

इथपर्यंतची चूक फायरवॉलच्या मांडणीची. तशा चुका होत राहतात. हजारो सर्व्हर चालवणाऱ्या संस्थेत कुठे ना कुठे एखादी राहतेच. पण छिद्र पडल्यावर किती वाहून जाईल, हे छिद्र ठरवत नाही. ते त्या रोलला जोडलेली पॉलिसी ठरवते, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा धडा तिथे आहे. बँकेनेच तपासयंत्रणेला सांगितले होते की नेहमीच्या कामकाजात हा रोल बकेटांची यादी कधी मागतच नाही. जे कधी मागायचे नव्हते, ते मागण्याची मुभा मात्र त्याला होती.

त्या रोलची पॉलिसी नेमकी काय होती, ते कागदपत्रांत दिलेले नाही. पण अशी सैल मुभा बहुधा कशी दिली जाते, ते या नमुन्यातून दिसेल:

```json
{
  "Effect": "Allow",
  "Action": ["s3:Get*", "s3:List*"],
  "Resource": "*"
}
```

दोन्ही ओळींतल्या फुल्या पाहा. कुठल्याही बकेटमधले काहीही वाचा, कशाचीही यादी मागा, असा याचा अर्थ. असे कुणी दुष्टपणाने लिहीत नाही. काम अडलेले असते, स्क्रीनवर `AccessDenied` येत असते, रिलीज संध्याकाळी असते. फुली टाकली की काम चालू होते, आणि चालू असलेल्या गोष्टीला नंतर कुणी हात लावत नाही.

आता समजा, या फायरवॉलला आपल्या नोंदी एका बकेटमध्ये लिहून ठेवण्यापुरतीच मुभा हवी आहे. मग पॉलिसी अशी होते:

```json
{
  "Effect": "Allow",
  "Action": "s3:PutObject",
  "Resource": "arn:aws:s3:::waf-logs/*"
}
```

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये जे स्पष्टपणे दिलेले नाही ते नाकारलेले असते, त्यामुळे वेगळे काही बंद करावे लागत नाही. या पॉलिसीसह त्याच तीन आज्ञा चालवून पाहा. पहिली यशस्वी होते, चाव्या हाती येतात. दुसरी नाकारली जाते. बकेटांची नावे आधीच कुठून मिळाली असतील तरी तिसरीही नाकारली जाते, कारण या रोलला लिहिता येते, वाचता येत नाही. चोराच्या हाती फार तर खोट्या नोंदी लिहिण्याची किंवा जुन्या नोंदींवर दुसरे काही लिहून त्या बिघडवण्याची ताकद उरते. तेही नुकसानच, पण १० कोटी लोकांच्या माहितीचे नव्हे.

माहिती एन्क्रिप्ट केली होती की, असे कुणी म्हणेल. काही माहिती खरोखरच तशी होती. पण या घुसखोरीत ती उलगडूनही मिळाली, असे बँकेनेच जाहीर केले. साठवणारी सेवा स्वतःच एन्क्रिप्शन करते तेव्हा वाचण्याची पूर्ण परवानगी असलेल्याला ती मजकूर उलगडूनच देते. मागणारा खरा फायरवॉल आहे की तिच्या चाव्या पळवलेला कुणी, हे तिला कळत नाही.

२०१९च्याच नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनने चाव्या देणाऱ्या त्या अंतर्गत पत्त्याची नवी पद्धत आणली. तिच्यात आधी एक टोकन मागून घ्यावे लागते, त्यामुळे असा साधा फसवा निरोप चालत नाही. ती लागू करायलाच हवी. पण ती एक दार बंद करते. दुसऱ्या दाराने आत आलेल्याला सैल रोल तसाच सापडतो.

मग चालू असलेला सैल रोल आवळायचा कसा? अंदाजाने आवळला तर काम बंद पडते, म्हणून आधी तो रोल खरोखर काय वापरतो ते पाहावे लागते. क्लाउडट्रेल नावाची सेवा रोलने केलेल्या मागण्यांची नोंद ठेवते आणि अ‍ॅक्सेस अ‍ॅनालायझर ९० दिवसांपर्यंतच्या नोंदी वाचून आवळलेल्या पॉलिसीचा मसुदा देतो. मसुदा जसाच्या तसा लावू नये, आणि त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे बकेटमधली एकेक फाइल वाचल्याची नोंद आपोआप होत नाही. ती वेगळी चालू करावी लागते, आणि मसुदा बनवताना ती तपशीलवार धरलीही जात नाही. ती भर हातानेच घालायची असते. दुसरे म्हणजे ९० दिवसांत वर्ष मावत नाही. मार्चअखेरीला एकदाच चालणारा हिशेबाचा प्रोग्राम जुलैच्या नोंदींत दिसणार नाही. त्याची परवानगी काढून टाकली तर ते कळेल ते ३१ मार्चच्या रात्री. म्हणून त्या प्रणालीवर वर्षभर काम केलेल्या माणसाला शेजारी बसवून मसुदा वाचावा.

आवळलेल्या रोलचा आणखी एक उपयोग होतो. सैल रोलच्या नोंदींत चोराची मागणी इतर मागण्यांसारखीच यशस्वी दिसते. रोज एकच काम करणाऱ्या रोलच्या नावावर मात्र एके दिवशी `ListBuckets` आणि त्यापुढे `AccessDenied` उमटले, तर त्याचे अर्थ दोनच: कुणीतरी प्रोग्राम बदलला, नाहीतर चाव्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्या. या एका नोंदीवर इशारा लावता येतो, आणि तो जुलैपर्यंत वाट पाहत नाही.