भरतीआधीची आणि नंतरची बिले

कॅशलेसमध्ये विमा कंपनी थेट रुग्णालयाचे बिल भरते. भरतीआधी बाहेर केलेल्या तपासण्या आणि घरी आल्यावरची औषधे मात्र त्या बिलात नसतात. हा खर्चही मिळू शकतो; पण तो आपण मागावा लागतो.

'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत भरतीपूर्वीचे ३० आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरतात. समजा, पित्ताशयाच्या खड्यांसाठी रुग्ण १० मार्चला दाखल झाला आणि १३ तारखेला घरी आला. २० फेब्रुवारीच्या सोनोग्राफी व रक्ततपासणीचे ४,००० रुपये मागता येतील. २ फेब्रुवारीच्या तपासणीचे नाही, कारण ती मुदतीबाहेर आहे. १२ मेपर्यंतची ३,००० रुपयांची औषधेही चालतील. एकूण ७,००० रुपयांतून या पॉलिसीतला ५ टक्के स्वहिस्सा वजा जाऊन ६,६५० रुपये हाती येतील.

अट अशी, की खर्च त्याच आजाराचा हवा आणि मूळ दावा मंजूर झालेला हवा. औषधांच्या बिलात दातदुखीची गोळी असेल, तर तेवढी रक्कम कापली जाते. डॉक्टरांची चिठ्ठी नसलेले बिलही अडते.

दावा अर्जावर कॅशलेसचाच दावा क्रमांक लिहा. सोबत मूळ बिले, चिठ्ठ्या, तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश जोडा. आधीच्या खर्चाची कागदपत्रे डिस्चार्जपासून ३० दिवसांत, तर नंतरची उपचार संपल्यावर १५ दिवसांत द्यायची असतात. इतर पॉलिसींत या मुदती वेगळ्या असतात. आपली पॉलिसी आधी वाचून घ्या.