किमान निवृत्तिवेतन हमी आणि उत्पन्नाधारित वृद्ध साहाय्य

वृद्धापकाळी ठरावीक उत्पन्न मिळावे यासाठी शासनाकडून दोन वेगळ्या मार्गांचा अवलंब केला जातो. वर्गणी भरलेल्या, परंतु ती अपुरी पडलेल्या व्यक्तीचे निवृत्तिवेतन एका ठरावीक पातळीपर्यंत वाढवून देणे म्हणजे किमान निवृत्तिवेतन हमी होय. वर्गणीची नोंदच नसलेल्या व्यक्तीला तिची गरज तपासून रक्कम देणे, यास उत्पन्नाधारित वृद्ध साहाय्य म्हणतात. महाराष्ट्रात हे दोन्ही प्रकार आढळतात.

किमान हमी

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. वेतन ५,००० रुपये व सेवा १० वर्षे असल्यास मासिक निवृत्तिवेतन सुमारे ७१४ रुपये येते. सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम १,००० रुपये ठरल्याने उरलेले सुमारे २८६ रुपये वाढवून मिळतात. मात्र मासिक निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे १० वर्षांची सेवा आवश्यक असते. शेतमजूर, घरकामगार अशा ज्यांचे भविष्य निर्वाह निधीचे खातेच नाही, त्यांना या हमीचा उपयोग होत नाही.

उत्पन्नाधारित साहाय्य

अशा व्यक्तींसाठी राज्यात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. अर्जदाराचे वय किमान ६५ वर्षे असावे लागते. कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे किंवा वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे, अशी अट आहे. वय, रहिवास व उत्पन्नाच्या दाखल्यांसह अर्ज तहसील कार्यालयात केला जातो.

जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. दारिद्र्यरेषेखालील ६५ ते ७९ वर्षे वयाच्या व्यक्तीसाठी यातील २०० रुपये केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतून येतात व १,३०० रुपये राज्य देते. वयाच्या ८० व्या वर्षापासून केंद्राचा वाटा ५०० रुपये होतो, तेव्हा राज्याचा वाटा १,००० रुपयांवर येतो. लाभार्थ्याच्या हाती पडणारी रक्कम तीच राहते.

मर्यादा

२०२३ मध्ये साहाय्याची रक्कम वाढली, परंतु उत्पन्नाची अट तीच राहिली. त्यामुळे यादीत नाव नसलेल्या, २०,९०० रुपये उत्पन्नाच्या कुटुंबातील वृद्धेस वर्षाला १८,००० रुपये मिळून एकूण उत्पन्न ३८,९०० रुपये होते. २१,१०० रुपयांच्या कुटुंबातील वृद्धेस काहीच मिळत नाही. अवघ्या २०० रुपयांच्या फरकाने दुसरे कुटुंब १७,८०० रुपयांनी मागे पडते. ब्रिटनच्या पेन्शन क्रेडिट योजनेत ठरलेल्या पातळीपर्यंतची तूट भरून दिली जात असल्याने अशी दरी पडत नाही. मात्र तेथे स्वतःचे उत्पन्न वाढले की साहाय्य त्या प्रमाणात घटते.

दुसरी अडचण कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे. कमावत्या मुलाचे उत्पन्न हिशेबात धरले गेले, तर स्वतःच्या हाती एक रुपयाही नसलेली आई कागदोपत्री अपात्र ठरू शकते.