चोवीस गळे, एक ‘आ’

जून १७९१. मोझार्टची बायको कॉन्स्टान्झ व्हिएन्नाजवळच्या बाडेन या गावी औषधी झऱ्यांवर उपचारासाठी राहिली होती. तिथल्या चर्चच्या संगीताची जबाबदारी आंटोन स्टोल या त्याच्या मित्राकडे होती. त्याच्यासाठी मोझार्टने ‘आवे वेरुम कॉर्पुस’ ही लॅटिन प्रार्थना चार आवाजांत बांधली. सगळी मिळून ४६ बारची रचना, लय संथ. आवाज किती ठेवायचा याबद्दल त्याने सुरुवातीला एवढीच सूचना लिहिली : सोत्तो वोचे, म्हणजे दबक्या आवाजात.

मुंबई-गोव्यातल्या कॉयरमंडळींना ही रचना चांगली ठाऊक असते. सूर अवघड नाहीत, उड्या फार नाहीत, म्हणून हौशी गटही ती हाती घेतात. पण ती नुसती सुरात म्हणून भागत नाही. आवाज दबका असल्यामुळे मोठ्याने गाऊन काही झाकता येत नाही, आणि लय संथ असल्यामुळे एकेक अक्षर लांबत जातं. सगळे जण सुरात असूनही ऐकणाऱ्याला माणसं सुटी सुटी ऐकू येतात. याचं कारण शोधायला शीर्षकातले तीन शब्दच पुरेसे आहेत, कारण गाण्याची सुरुवात त्यांनीच होते.

पहिलं अक्षर ‘आ’. सोप्रानो गाणाऱ्या बायकांचा पहिला सूर आजच्या मापाने सेकंदाला ४४० कंपनांचा. पण गळ्यातून ४४० एकटा कधीच निघत नाही. त्याच्यासोबत ८८०, १३२०, १७६०, २२०० असे उपस्वरही निघतात. तोंडाची पोकळी, जीभ आणि ओठ मिळून यातले काही उपस्वर उचलून धरतात, काही दाबून टाकतात. ‘आ’ म्हणताना साधारण ७०० ते १३०० च्या पट्ट्यातले उपस्वर ठळक होतात. ‘ई’ म्हटलं की तो पट्टा ओसरतो आणि २२०० च्या आसपासचे आणि वरचे उपस्वर चमकतात. ‘आ’ आणि ‘ई’ यांतला फरक कानाला कळतो तो यावरूनच.

आता दोन बाया शेजारी उभ्या आहेत. सूर दोघींचा ४४० च. एकीचा ‘आ’ हसऱ्या चेहऱ्याचा, ओठ आडवे ताणलेला. दुसरीचा जबडा खाली सोडलेला, ओठ गोलसर. दोघींचे ठळक उपस्वर निराळे, त्यामुळे कान त्यांना एक आवाज मानायला तयार होत नाही. त्यात एक फसवणूकही होते. आडव्या ओठांचा उजळ ‘आ’ किंचित चढा वाटतो आणि गोल, गडद ‘आ’ किंचित उतरलेला. कंडक्टर म्हणतो, “सूर सांभाळा.” दोघी सूर ढकलायला लागतात आणि जो सूर बरोबर होता तोही बिघडतो. मला वाटतं, हौशी गटांच्या तालमीतला सर्वांत जास्त वेळ या एका चुकीच्या निदानात जातो.

उपाय ओठ आणि जबड्यापासून सुरू होतो. समजा, गटात २४ जण आहेत. सगळ्यांनी आपापल्या सोयीचा ‘सा’ धरून हळू आवाजात ‘ऊ’ म्हणायचं. ‘ऊ’ जुळवायला सोपा, कारण ओठ मिटत आलेले असतात आणि वरचे उपस्वर फारसे उरतच नाहीत. मग आठ मात्रांत, सूर न सोडता, ‘ऊ’ चा ‘ओ’ आणि ‘ओ’ चा ‘आ’ करायचा. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकलेलं, जबडा सरळ खाली, आणि ओठांचा ‘ऊ’ मधला गोलवा शेवटपर्यंत थोडा राखलेला. बहुतेक गटांत ‘ओ’ ते ‘आ’ या वळणावर आवाज फुटतो. तिथे थांबायचं, मागे ‘ओ’ वर जायचं आणि पुन्हा सावकाश यायचं.

जमलं की नाही हे ओळखायची खूण आहे. स्वर जुळले की गटाच्या वर एक बारीक, कुणीच न गायलेला उंच सूर तरंगायला लागतो. तो समाईक उपस्वर. सगळ्यांनी एकच पट्टा उचलून धरला म्हणजे तो कानाला वेगळा ऐकू येतो. जुळले नसतील तर आवाजाला खरखरीत कड राहते आणि ओळीतून चालत गेलं की कुणाचा गळा टोचतो ते कळतं. अमेरिकेतल्या लूथर कॉलेजचे कंडक्टर वेस्टन नोबल यांची उभं करण्याची पद्धत इथे कामाला येते. आधी दोनच जणांना गायला लावायचं, जागा अदलून-बदलून ऐकायचं, ज्या क्रमाने दोन्ही आवाज एकमेकांत विरतात तो क्रम ठेवायचा, मग तिसरा माणूस आणायचा. कुणाचाही गळा न बदलता, नुसत्या शेजाऱ्याच्या निवडीने ऐकू येणारा फरक पडतो.

‘आवे’ मधला ‘ए’ वेगळाच त्रास देतो. मराठी माणसाचा ‘ए’ मुळात स्थिर असतो. इंग्रजी शाळेची सवय लागलेला गळा मात्र ‘एइ’ असा घसरतो, इंग्रजी ‘डे’ किंवा ‘से’ म्हणताना घसरतो तसा. बोलताना ही घसरण लक्षातही येत नाही. इथे अक्षर लांब आहे, आणि प्रत्येक जण वेगळ्या क्षणी घसरतो. परिणामी काही काळ निम्मा गट ‘ए’ वर आणि निम्मा ‘इ’ वर असतो. शिवाय जीभ हलली की सूरही हलू पाहतो. ‘ई’ कडे जाताना तो नकळत वर सरकतो, आणि गाणाऱ्याला गटाच्या गलक्यात स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर ही सरक दुरुस्त होत नाही. म्हणून सूचना साधी हवी : व्यंजन टाकलं की जीभ जिथे बसली तिथेच ठेवा, पुढचं अक्षर येईपर्यंत. लॅटिनसाठी मराठी ‘ए’ पेक्षा तोंड थोडं जास्त उघडं ठेवायचं, ‘ए’ आणि ‘ॲ’ यांच्या मधे कुठेतरी. मधे नेमकं कुठे, हे कंडक्टरने स्वतः गाऊन दाखवायचं. शब्दांत सांगितलं तर २४ जणांचे २४ अर्थ होतात.

‘वेरुम’ आणि ‘कॉर्पुस’ या दोन्हींत दुसऱ्या अक्षरात ‘उ’ आहे, आणि आपल्याकडे तिथेच घात होतो. आपण सवयीने ‘वेरम’, ‘कॉर्पस’ म्हणतो. ‘अ’ हा गाण्यासाठी फार ढिला स्वर. जीभ तोंडाच्या मध्यावर नुसती पडून असते आणि प्रत्येकाची वेगळी पडते. ‘उ’ साठी ओठ पुढे आणले की जागा ठरून जाते. शब्दाचं शेवटचं अक्षर हलकं असावं हे बरोबर, पण हलकं म्हणजे आवाजाने हलकं. स्वराचा आकार पूर्णच हवा.

व्यंजनांकडे आता वळायला हरकत नाही, कारण एकजीव आवाजाच्या दृष्टीने त्यांचा प्रश्न आकाराचा कमी आणि वेळेचा जास्त. मात्रेवर स्वर पडायला हवा, म्हणजे व्यंजन तिच्या किंचित आधी संपलं पाहिजे. ‘कॉर्पुस’ मधला ‘प’ घ्या. इंग्रजी वळणाचा ‘प’ हवा फुंकत येतो, जवळजवळ ‘फ’ सारखा, आणि त्या फुंकरीमुळे मागचा ‘उ’ उशिरा सुरू होतो. मराठी ‘प’ कोरडा, स्वर त्याला लगेच चिकटतो. लॅटिनला हाच हवा. ‘र’ चंही तसंच. जीभ मागे वळवलेला इंग्रजी ‘र’ आधीच्या ‘ऑ’ चा रंग बिघडवतो. आपला एका टिचकीचा ‘र’ स्वराला धक्का न लावता निघून जातो. या दोन अक्षरांपुरतं मराठी गळ्याला काही नवं शिकायचं नाही, फक्त इंग्रजी ऐट सोडायची आहे.

‘वेरुम’ चा ‘म’ सुराचा आहे हे बरेच जण विसरतात. ओठ मिटले तरी सूर चालू राहतो, त्यामुळे ‘म’ सुद्धा सुरातच हवा. आणि सगळ्यांनी ओठ एकाच क्षणी मिटायला हवेत, स्वर पूर्ण भोगून झाल्यावर.

शेवटचा ‘स’ मात्र निर्दयी आहे. त्याची सारी ताकद ४००० कंपनांच्या वर, जिथे गाण्यातलं दुसरं फारसं काही नसतं. त्यामुळे २४ पैकी एकानेच तो अर्धी मात्रा आधी सोडला तरी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत पोचतो, आणि सगळ्यांनी मागेपुढे सोडला तर फुत्कार ऐकू येतात. अनुभवी कंडक्टर ‘स’ ची जागा पेन्सिलीने लिहून देतात : स्वर अमुक मात्रेपर्यंत, ‘स’ नेमका पुढच्या मात्रेवर, आखूड. तरीही जमत नसेल तर ‘स’ फक्त चौघांनी म्हणायचा आणि बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचं. ऐकणाऱ्याला तो सगळ्यांचाच वाटतो.

ही वेळ पक्की करायला अमेरिकन कंडक्टर रॉबर्ट शॉ तालमीत शब्दच काढून घेत. गट सुरावर इंग्रजीत अंक मोजत गायचा, प्रत्येक आकड्यामधे ‘अँड’ घालून. ‘थ्री’ लांबतो म्हणून त्याचा नुसता ‘टी’ केला होता. सूर आणि मात्रा अशा बसल्या की मग शब्द परत यायचे. मराठीत एक-दोन-तीन करण्यापेक्षा आपले तबल्याचे बोल इथे जास्त उपयोगी पडतील असं माझं मत आहे.

या सगळ्याला मर्यादा आहेत. बायकांचा सूर वरच्या ‘सा’ च्या पलीकडे चढत गेला की ‘ई’ किंवा ‘ऊ’ ला लागणारा खालचा पट्टा मूळ सुराच्याही खाली राहतो. मग शुद्ध ‘ई’ धरून ठेवला तर आवाज आवळतो, म्हणून जबडा उघडून तो ‘ए’ कडे झुकवावाच लागतो. खालचे बास मात्र त्याच क्षणी नेहमीचा ‘ई’ गाऊ शकतात. तोंडं वेगळी दिसतात, ऐकू एक येतं. दुसरी मर्यादा एकल गायकांची. स्टॉकहोममध्ये योहान सुंडबेरी आणि स्टेन टेर्नस्ट्रोम यांनी १९८०च्या दशकात गायकांचे आवाज मोजले. तेच गायक एकट्याने गाताना ३००० कंपनांच्या आसपासची चमक वाढवत होते आणि कॉयरमध्ये ती कमी करत होते. मैफलीच्या गायकाला गटात घेतलं तर त्याला हे वेगळं सांगावं लागतं. नुसतं “हळू गा” म्हटलं तर तो दबतो, पण चमक तशीच राहते.

मराठी समूहगीत बसवणाऱ्या शिक्षकांना ‘स’ पेक्षा वेगळा प्रश्न पडतो. ओळ ‘देश’ या शब्दावर थांबली की निम्मी मुलं लांब ‘ए’ धरून शेवटी ‘श’ म्हणतात आणि निम्मी ‘देशऽऽ’ करून ‘अ’ लांबवतात. दोन्ही चालतं, एकत्र चालत नाही. ‘चांदणे’ मधला ‘च’ कुणाचा दंत्य, कुणाचा तालव्य. शेवट कुणाचा ‘णे’, कुणाचा ‘णं’. यांतलं एक तालमीच्या आधीच ठरवून कागदावर लिहावं, आणि ओळ संपताना ‘ए’ वर किती मात्रा थांबायचं आणि ‘श’ कोणत्या मात्रेवर टाकायचा, तो आकडा त्या अक्षराखालीच लिहावा.