मॅकओएसवर नेटवर्क प्रिंटर जोडणे

मॅकओएस ही प्रणाली असलेल्या लॅपटॉपला वायफाय किंवा इथरनेटवरील प्रिंटर जोडताना त्या प्रिंटरसाठी एक 'रांग' तयार केली जाते. छपाईसाठी पाठवलेली कामे या रांगेत थांबतात आणि एकेक करून प्रिंटरकडे जातात. हे काम कप्स ही छपाई-प्रणाली करते. रांग तयार होतानाच तिचा ड्रायव्हर ठरतो. तो प्रणालीतील एअरप्रिंट असेल किंवा प्रिंटरच्या निर्मात्याने दिलेला असेल. कोणत्या सोयी मिळतील आणि प्रणाली अद्ययावत केल्यावर छपाई चालू राहील की नाही, हे बव्हंशी या निवडीवर अवलंबून असते.

प्रिंटर जोडण्याची पद्धत

System Settings मधील Printers & Scanners येथे जाऊन Add Printer, Scanner, or Fax… हे बटण दाबल्यावर जवळच्या प्रिंटरांची यादी दिसते. बाँजूर या पद्धतीत प्रिंटर स्वतःच आपले नाव आणि क्षमता नेटवर्कवर जाहीर करतो, त्यामुळे यादीसाठी वेगळी मांडणी करावी लागत नाही. मात्र ही घोषणा सामान्यतः एकाच उपजाळ्यापुरती असते. लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर आणि प्रिंटर कार्यालयाच्या मुख्य नेटवर्कवर असेल, तर प्रिंटर चालू असूनही यादीत येत नाही. दोन नेटवर्कांमधील वाहतुकीला परवानगी असल्यास याच खिडकीतील आयपी विभागात प्रिंटरचा पत्ता लिहून तो जोडता येतो. तो पत्ता राउटरवर कायमचा राखून ठेवणे इष्ट. अन्यथा पत्ता बदलला की रांग जुन्याच पत्त्यावर प्रिंटर शोधत राहते.

प्रिंटर निवडल्यावर खाली Use ही सूची दिसते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सूचीतच ड्रायव्हर ठरतो. प्रिंटर एअरप्रिंटला अनुकूल असल्यास सहसा तोच पर्याय आपोआप निवडला जातो. निर्मात्याचा ड्रायव्हर आधी बसवलेला असेल, तर Select Software… येथून तो निवडता येतो.

दोन ड्रायव्हरांतील फरक

ॲपलने २०१० मध्ये आयफोन व आयपॅडसाठी आणलेले एअरप्रिंट २०११ पासून मॅकवरही उपलब्ध झाले. यात लॅपटॉप प्रिंटरलाच त्याच्या क्षमता विचारतो. कागदाचे आकार, दोन्ही बाजूंची छपाई, रंग इत्यादी माहिती घेऊन तो प्रिंटरला समजणाऱ्या प्रमाणित स्वरूपात पाने पाठवतो. निर्मात्याचे कोणतेही सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालत नसल्याने प्रणाली बदलली म्हणून बिघडणारे फारसे काही उरत नाही.

निर्मात्याचा ड्रायव्हर त्या विशिष्ट यंत्राच्या खास सोयी संवादपेटीत दाखवतो. पुस्तिका दुमडणे, विशिष्ट ट्रेतील जाड कागद, रंगांचे सूक्ष्म नियंत्रण आणि विभागवार सांकेतांक ही त्याची उदाहरणे होत. याची किंमत म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी निर्मात्यावर अवलंबून राहणे. ऑक्टोबर २०२० मध्ये एचपीच्या काही जुन्या मॅक ड्रायव्हरांचे प्रमाणपत्र अनवधानाने रद्द झाले आणि सुस्थितीतील प्रिंटरही अनेकांच्या मॅकवर अचानक छापेनासे झाले. केवळ इंटेल प्रक्रियकासाठी लिहिलेले जुने ड्रायव्हर ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालवण्यासाठी रोझेटा लागते.

एक नमुना

एखाद्या महाविद्यालयातील सामायिक झेरॉक्स-प्रिंटर प्रत्येक कामासोबत विभागाचा सांकेतांक मागतो, असे समजू. एअरप्रिंटने जोडलेल्या लॅपटॉपवरून काम पाठवल्यास रांग रिकामी होते, पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही, पण कागद बाहेर येत नाही. काम यंत्रापर्यंत पोहोचलेले असते. सांकेतांक नसल्याने यंत्रानेच ते टाकून दिलेले असते. प्रिंटरच्या स्वतःच्या पडद्यावरील कामांच्या नोंदीत ते रद्द झालेले आढळते. असा प्रिंटर सांकेतांकाची सोय एअरप्रिंटला कळवत नसेल, तर निर्मात्याच्या ड्रायव्हरवाचून गत्यंतर नसते.

उलट लक्षणही दिसते. आयपी पत्त्याने जोडताना प्रिंटरला न समजणारा सर्वसाधारण पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर निवडला गेला, तर मजकुराऐवजी निरर्थक चिन्हांची पानेच्या पाने बाहेर पडतात. अशा वेळी प्रिंटर नादुरुस्त नसून लॅपटॉप त्याच्याशी चुकीच्या भाषेत बोलत असतो.

कोणती रांग कोणत्या मार्गाने जोडलेली आहे, हे टर्मिनलमध्ये पुढील आज्ञेने कळते:

```
lpstat -v
```

उत्तरात `_ipp._tcp` किंवा `_ipps._tcp` असल्यास जोडणी एअरप्रिंट वापरते त्या आयपीपी मार्गाने आहे. `_pdl-datastream._tcp` किंवा `socket://` असल्यास पाने थेट प्रिंटरच्या भाषेत पाठवली जात आहेत, म्हणजे रांगेवर वेगळा ड्रायव्हर आहे.

चुकीचा ड्रायव्हर निवडला गेल्यास रांग काढून टाकून प्रिंटर पुन्हा जोडणे हा सर्वांत सोपा उपाय होय. एकाच प्रिंटरसाठी वेगवेगळ्या नावांच्या दोन रांगाही ठेवता येतात: रोजच्या छपाईसाठी एअरप्रिंटची आणि सांकेतांक किंवा पुस्तिकेच्या कामासाठी निर्मात्याच्या ड्रायव्हरची. दुसरी रांग आयपी विभागातून जोडल्यास नाव आणि ड्रायव्हर दोन्ही हाताने निवडता येतात.