पाच बल्ब आणि दोन पानं

‘माझं अध्यापन विद्यार्थिकेंद्री आहे. विद्यार्थ्यांमध्ये चिकित्सक वृत्ती रुजवणं हे मी माझं कर्तव्य मानतो. शिक्षण म्हणजे केवळ माहिती देणं नव्हे.’

अध्यापकाच्या नोकरीसाठी अर्ज करताना जे टीचिंग स्टेटमेंट जोडावं लागतं, त्याचा पहिला परिच्छेद बहुतेक वेळा असाच असतो. यात चुकीचं काहीच नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. ‘मी विद्यार्थ्यांकडे दुर्लक्ष करतो, त्यांनी डोकं चालवलेलं मला खपत नाही,’ असं लिहिणारा उमेदवार आजवर कुणी पाहिलेला नाही. ज्या वाक्याच्या उलट बोलायला कुणीच तयार नसतं, त्या वाक्यावरून दोन उमेदवारांत निवड तरी कशी करायची?

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात अर्ज करताना नेट-सेट, पीएचडी, प्रकाशनं आणि मुलाखत यांवर सगळं चालतं. ‘तुम्ही कसं शिकवता ते दोन पानांत लिहा,’ असं सहसा कुणी विचारत नाही. त्यामुळे अमेरिका-कॅनडातल्या विद्यापीठात किंवा इथल्याच एखाद्या नव्या धाटणीच्या खासगी विद्यापीठात अर्ज करायची वेळ आली, की माणूस आयुष्यात पहिल्यांदा असं काही लिहायला बसतो. समोर कोरा कागद, हाताशी शाळेपासूनची निबंधाची सवय. मग शिक्षणाचं महत्त्व, गुरूचं स्थान, ज्ञानाची ज्योत असं सगळं आपोआप उतरतं. समितीला यातलं काहीच नको असतं. मिशिगन विद्यापीठाच्या डेबोरा मिझलिश आणि मॅथ्यू कॅप्लान यांनी निवड समित्यांच्या प्रमुखांनाच विचारून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या निवेदनात काय दिसतं, याची जी उत्तरं आली त्यांत प्रत्यक्ष वर्गातल्या कामाचा पुरावा, विद्यार्थ्यांकडे असलेलं लक्ष आणि आपल्याच शिकवण्याकडे वळून पाहण्याची तयारी या गोष्टी ठळक होत्या.

वर्गातल्या कामाचा पुरावा कागदावर कसा दिसतो, हे एक उदाहरण घेऊन पाहू. भौतिकशास्त्रात पीएचडी झालेली, चार-पाच वर्षं पदवीच्या वर्गांना शिकवलेली एक उमेदवार आहे असं समजा. पहिल्या मसुद्यात तिनं लिहिलं आहे: ‘मी संकल्पना स्पष्ट करण्यावर भर देते आणि वर्गात चर्चेला प्रोत्साहन देते.’ आता तिला विचारायचं, कुठली संकल्पना? ती म्हणते, विद्युत परिपथ, म्हणजे साधी सेल-बल्बची सर्किटं. आणि ती स्पष्ट नाही, हे तुम्हाला कशावरून कळतं? या प्रश्नाच्या उत्तरापाशी खरं निवेदन सुरू होतं.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅक्डरमॉट आणि पीटर शाफर यांनी १९९२ मध्ये एक प्रश्न छापला, तो आज जगभर वापरला जातो. तीन सर्किटं, प्रत्येकात सारखाच आदर्श सेल आणि सगळे बल्ब एकसारखे. पहिल्यात एकटा बल्ब ‘अ’. दुसऱ्यात ‘ब’ आणि ‘क’ एकामागोमाग, म्हणजे सिरीजमध्ये. तिसऱ्यात ‘ड’ आणि ‘इ’ पॅरललमध्ये. पाचही बल्ब उजेडाप्रमाणे क्रमानं लावायचे. बरोबर उत्तर असं: ‘अ’, ‘ड’ आणि ‘इ’ सारखेच उजळ, ‘ब’ आणि ‘क’ आपसात सारखे, पण मंद. एकही आकडेमोड नाही. तरीही विद्यापीठात हा भाग शिकून झालेल्या विद्यार्थ्यांपैकी जेमतेम १५ टक्क्यांनी ते बरोबर दिलं. चुका सरसकट कशाही झाल्या नव्हत्या, त्यांना ठरावीक वळण होतं. काहींच्या मते ‘ब’ हा ‘क’पेक्षा उजळ, कारण पहिला बल्ब थोडा करंट खाऊन टाकतो. काहींच्या मते ‘ड’ आणि ‘इ’ हे ‘अ’पेक्षा मंद, कारण सेल ठरलेला करंट देतो आणि तो दोघांत वाटला जातो. हीच मुलं किरचॉफचे नियम लावून गणितं बिनचूक सोडवतात, हे विशेष.

आता तिच्या निवेदनातला परिच्छेद असा होऊ शकतो. आकडे नमुन्यादाखल आहेत:

‘सर्किटचं प्रकरण सुरू करण्याआधी मी पाच बल्बांचा प्रश्न फळ्यावर काढते आणि प्रत्येकाला उत्तर कारणासकट चिठ्ठीवर लिहायला सांगते. साठ जणांच्या वर्गात चाळीसेक चिठ्ठ्यांवर “पहिला बल्ब करंट वापरतो” अशा अर्थाचं काही तरी असतं. चूक-बरोबर न सांगता मी वेगवेगळं उत्तर दिलेल्यांच्या जोड्या लावते आणि टेबलावरच्या सर्किटमध्ये बल्बच्या आधी आणि नंतर अॅमीटर जोडून बघायला सांगते. दोन्हीकडे तोच आकडा येतो, आणि चर्चा तिथून पेटते. पहिल्या वर्षी मी टॉर्चचे वापरलेले सेल घेतले होते. पॅरललमधले बल्ब खरोखरच मंद लागले आणि चुकीचं उत्तर देणारे जिंकले, कारण जुन्या सेलचा अंतर्गत रोध मी हिशेबात धरला नव्हता. तेव्हापासून पहिला प्रयोग मी स्थिर व्होल्टेजच्या पॉवर सप्लायवर करते. जुने सेल पुढच्या तासाला मुद्दाम आणते आणि उजेड का कमी झाला, ते विद्यार्थ्यांना शोधायला लावते. प्रकरण संपल्यावर परीक्षेत तोच प्रश्न न देता तीन बल्बांचं नवं सर्किट देते.’

या परिच्छेदात ‘विद्यार्थिकेंद्री’ हा शब्द नाही. तरी ही बाई मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते आधी बघते, हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. आधी अडचण, मग तिच्यासाठी घेतलेला निर्णय, तो चालला की नाही याची तपासणी आणि नंतर केलेला बदल, असा ओघ त्यात आहे. यातली तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. ‘मी गटचर्चा घेतली, विद्यार्थ्यांना फार आवडली,’ इथं पुष्कळजण थांबतात. आवडली हे ठीक, पण चर्चेनंतर त्यांना असं काय करता आलं, जे आधी येत नव्हतं? तोच प्रश्न न देता नवं सर्किट दिलं, हे अर्धं वाक्य समितीतल्या अनुभवी माणसाच्या नजरेत लगेच भरतं. पाठ केलेलं उत्तर आणि समजलेलं उत्तर यांतला फरक उमेदवाराला ठाऊक आहे, हे त्यातून दिसतं.

जुन्या सेलचा प्रसंग ठेवावा की गाळावा, यावर मतभेद होतील. माझ्या मते ठेवावा. मात्र तो पुढच्या बदलापर्यंत पोचला पाहिजे, नुसती कबुली नको. त्याच्या उलट एक प्रकार मी बिनदिक्कत कापून टाकायला सांगेन. मागच्या बाकावरचा, सगळ्यांनी ओवाळून टाकलेला मुलगा, सरांनी विश्वास दाखवला आणि तो विद्यापीठात पहिला आला. गोष्ट खरीही असेल. पण त्यातून शिकवण्याची पद्धत कळत नाही, सरांचा मोठेपणा तेवढा कळतो. शिवाय तो मुलगा ओळखू येण्यासारखा असेल, तर त्याच्या परवानगीशिवाय ते अर्जात घालणंही योग्य नाही. साधनांच्या यादीचंही तसंच. स्मार्टबोर्ड, गूगल क्लासरूम, ऑनलाइन क्विझ ही नावं नुसती ओळीनं लावली, तर तो सामानाचा पंचनामा होतो.

असे प्रसंग आठवत नाहीत, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. ते स्मरणात शोधायला गेलं तर भाषणं, सत्कार, निरोपसमारंभ तेवढे सापडतात. जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, चाचणीचे पेपर, तासाच्या टिपणांच्या समासात खरडलेलं ‘इथं अडले, पुढच्या वर्षी आधी आकृती’ असलं काही काढून बसावं. तीच चूक दहा उत्तरपत्रिकांत दिसली, की त्यावर आपण काय केलं ते आठवू लागतं. काहीच केलं नसेल, तर तो प्रसंग निवेदनात घेऊ नये.

स्वतंत्र वर्ग कधीच घेतला नाही, फक्त प्रॅक्टिकलच्या बॅच सांभाळल्या, अशा उमेदवाराकडेही ऐवज असतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टायट्रेशनची तीन वाचनं कशी लिहिली जातात ते बघा. पहिलं १०.२ आलं, की दुसरं आणि तिसरं ब्युरेटकडे न बघताच १०.२ लिहिणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात, कारण जर्नलमध्ये सारखी वाचनं असली की सही लवकर मिळते, हे त्यांना वरच्या वर्गातल्यांनी सांगितलेलं असतं. यावर एखाद्या डेमॉन्स्ट्रेटरनं प्रत्येक वाचन लगेच पेनानं लिहायचा नियम केला, आणि वाचनांत फरक आला तर गुण न कापता फरकाचं कारण लिहिल्यास गुण द्यायला सुरुवात केली, तर तो मूल्यमापनाबद्दलचा विचारच झाला. ‘मी प्रामाणिकपणाला महत्त्व देतो’ या वाक्यापेक्षा हा एक नियम समितीला पुष्कळ जास्त सांगतो.

निवेदन साधारण एक ते दोन पानांचं अपेक्षित असतं. त्यात दोन प्रसंग नीट मावतात, तिसऱ्यासाठी पहिल्या दोघांचं मांस काढावं लागतं. दोन्ही प्रसंग एकाच प्रकारचे नसावेत. एक मोठ्या वर्गातला असेल, तर दुसरा प्रयोगशाळेतला, प्रकल्पाच्या मार्गदर्शनातला किंवा पेपर तपासण्याच्या पद्धतीतला घ्यावा. पाच बल्बांचा परिच्छेद भौतिकशास्त्रज्ञाला सहज कळेल, पण समितीत इतिहासाचे किंवा व्यवस्थापनाचेही लोक असू शकतात. म्हणून चूक काय आणि ती स्वाभाविक का वाटते, हे विषयाबाहेरच्या माणसाला एका वाक्यात समजेल इतकं सोपं ठेवावं. अर्ज कुठे चाललाय तेही बघावं. पंधरा विद्यार्थ्यांच्या सेमिनारवर चालणाऱ्या छोट्या कॉलेजला दोनशेच्या व्याख्यानगृहातली युक्ती सांगून फारसा उपयोग होत नाही. प्रसंग तोच राहू शकतो, शेवटची दोन वाक्यं मात्र त्या संस्थेच्या वर्गाकडे वळवावी लागतात.

विश्वासाची, मूल्यांची वाक्यं मुळीच लिहू नयेत, असं नाही. पण ती प्रसंगानंतर यावीत, आणि त्या प्रसंगातून निघणारीच असावीत. बल्बांच्या परिच्छेदानंतर ‘विद्यार्थी वर्गात रिकाम्या डोक्यानं येत नाहीत, जगाचा एक चालणारा हिशेब घेऊन येतात आणि मला आधी तो हिशेब बघावा लागतो’ असं वाक्य आलं, तर ते घोषणा वाटत नाही. तेच वाक्य पहिल्या ओळीत टाकलं, तर वाचणारा ते वगळून पुढे जातो.

मुलाखतीला बोलावणं आलं, तर बोलणं बहुधा याच पानांवरून सुरू होतं. समितीतला भौतिकशास्त्राचा माणूस सहज विचारेल, ‘तिसऱ्या सर्किटमधला “इ” बल्ब काढून टाकला, तर “ड”चं काय होतं?’ काही फरक पडत नाही, तो तसाच उजळतो, हे कुणीही सांगेल. ज्या उमेदवारानं हा तास खरोखर घेतलाय, ती पुढे म्हणते, ‘मुलं म्हणतात “ड” जास्त उजळेल, आता सगळा करंट त्यालाच मिळणार म्हणून. आणि सेल जुना असेल तर तसं थोडं होतंही, म्हणून हा प्रश्न मी दुसऱ्या तासाला ठेवते.’