टाकी, मोटर आणि आर्डुइनो

गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की ते आधी शेजाऱ्यांना कळतं, मग आपल्याला. आर्डुइनो घेऊन काय करायचं, असं विचारणाऱ्या नवशिक्याला मी हेच काम सुचवतो. एक तर ते घरात खरोखर लागतं, आणि ही वस्तू काय करू शकते, काय नाही, हे त्यात लवकर उघडं पडतं.

आर्डुइनो 2005 च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया गावच्या एका डिझाइन संस्थेत जन्मला. इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा, हा त्यामागचा हेतू. सर्वांत प्रचलित बोर्ड ऊनो. त्यावरच्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी जागा 32 किलोबाइट आणि चालू कामाची आठवण ठेवायला 2 किलोबाइट. मोबाइलमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण तिला काम एकच: बाहेरून एक आकडा घ्यायचा, आपण दिलेल्या अटीशी ताडून पाहायचा, एखादी वायर चालू किंवा बंद करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. वीज असेपर्यंत हे चक्र चालतं. वीज गेली तरी प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त मधल्या नोंदी विसरल्या जातात. दिवे आले की एखाददोन सेकंदांत गाडी पुन्हा सुरू.

पाण्याची पातळी मोजायला अल्ट्रासॉनिक सेन्सर लागतो. तो झाकणाच्या आतून खाली तोंड करून बसवायचा. आर्डुइनोने इशारा दिला की तो कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो. आवाज पाण्यावर आपटून परत येतो आणि जाऊन यायला किती वेळ लागला ते आर्डुइनो मोजतो. हा वेळ मायक्रोसेकंदांत असतो, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. त्याला 58 ने भागलं की अंतर सेंटीमीटरमध्ये मिळतं. वेळ 1740 आला तर पाणी 30 सेंटीमीटर खाली, 5800 आला तर एक मीटर.

दुकानात सर्रास मिळणारा, दोन डोळ्यांसारखा दिसणारा HC-SR04 टाकीत टिकत नाही. बंद टाकीत सतत वाफ धरते आणि तो उघडा असतो. वॉटरप्रूफ जातीचा घ्यावा. त्याची एक अडचण मात्र आधीच माहीत हवी: साधारण 25 सेंटीमीटरच्या आत आलेल्या पाण्याचं अंतर त्याला मोजता येत नाही, दिसेल तो आकडा भरवशाचा नसतो. म्हणून खरेदीआधी झाकणापासून ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंत टेप लावून पाहा. तेवढी जागा नसेल, तर हा सेन्सर तुमच्या टाकीचा नव्हे. सेन्सर भिंतीपासून आणि पाणी पडतं त्या पाइपापासूनही लांब हवा, कारण आवाज शंकूसारखा पसरत जातो आणि आधी जे आडवं येईल त्याचा प्रतिध्वनी आणतो.

प्रोग्रॅमचा गाभा इतकाच:

```
long t = pulseIn(10, HIGH, 30000);
long cm = t / 58;

if (t > 0) {
  if (armed && cm <= 30) {
    beep();
    armed = false;
  }
  if (cm >= 40) armed = true;
}
```

यात पाणी 30 सेंटीमीटरवर आलं की `beep()` बझर मिनिटभर वाजवतं. ते फंक्शन आपणच लिहायचं. त्यानंतर पाणी 40 च्या खाली जाईपर्यंत बझर गप्प राहतो. 30 आणि 40 असे दोन आकडे कशाला? पाणी पडत असताना पृष्ठभाग हलतो, मोजमाप 29, 31, 30, 29 असं नाचतं. एकच सीमा ठेवली तर बझर थांबून थांबून किरकिरत राहील. त्यातूनही एखादं मोजमाप साफ चुकतं. म्हणून दर वेळी पाच मोजमापं घेऊन ती क्रमाने लावावीत आणि मधलं धरावं. सरासरी नको, एक वेडावाकडा आकडा तिला ओढून नेतो.

खरी मेख `t > 0` मध्ये आहे. प्रतिध्वनी परत आलाच नाही, किंवा वायर निघाली, तर `pulseIn` शून्य हे उत्तर देतं. शून्य हे 30 पेक्षा कमी. ती अट गाळली की वायर निघालेली टाकी आर्डुइनोच्या लेखी काठोकाठ भरलेली. बझर उगीच वाजेल आणि चार दिवसांत घरातले त्याच्याकडे लक्ष देईनासे होतील. पुढे याच प्रोग्रॅमने मोटर चालवायला घेतली, तर ती सुरूच होणार नाही आणि टाकी कोरडी पडेल. उत्तर न येणं आणि टाकी भरणं या दोन गोष्टी वेगळ्या. शून्यासाठी मिनिटाला एक छोटी पिप असा निराळा आवाज ठेवा. गच्चीवर नेण्याआधी टेबलावर बादली ठेवून तपासा. कॉम्प्युटरच्या Serial Monitor मध्ये आकडे दिसत असताना सेन्सरची वायर काढा. बझर वाजला तर प्रोग्रॅम अजून कच्चा आहे.

बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात टाकीजवळच ठेवावा, कारण सेन्सरच्या वायरी लांबवल्या की मोजमापं बिघडतात. बझरच्या दोन वायरी मात्र स्वयंपाकघरापर्यंत खुशाल आणाव्यात. बझर थेट पिनला जोडू नये. पिनमधून 20 मिलिअँपिअरपर्यंतच करंट घेणं बरं, आणि बरेच बझर त्याहून जास्त ओढतात. मध्ये BC547 हा ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बेसला 1 किलोओहमचा रेझिस्टर घातला की काम भागतं.

आता एक रोखठोक गोष्ट. केवळ टाकी भरल्याचं कळायला हवं असेल, तर आर्डुइनोची गरजच नाही. तरंगता फ्लोट स्विच आणि बझर पुरे. आर्डुइनोचा पैसा वसूल होतो तो वेळेचा हिशेब लागतो तिथे. मोटर चालू आहे, पण खालच्या हौदात पाणी नाही आणि पंप कोरडा फिरतोय, हे फ्लोटला कधीच कळत नाही. त्यासाठी मोटर सुरू करताना दाबायचं एक साधं बटण जोडा. बटण दाबलं की आर्डुइनो तेव्हाची पातळी लक्षात ठेवतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाहतो. एक मीटर व्यासाच्या टाकीत 1 सेंटीमीटर म्हणजे जवळपास 8 लिटर. पंप मिनिटाला 20 लिटरच चढवत असला, तरी पाच मिनिटांत 100 लिटर, म्हणजे बारा सेंटीमीटर पाणी चढायला हवं. तीनही चढलं नसेल तर काहीतरी बिघडलंय. मग बझरला तिसरा सूर द्या.

यापुढची इच्छा सगळ्यांचीच: आर्डुइनोनेच मोटर बंद करावी. इथे हात आवरा. खेळण्याएवढ्या रिले मॉड्यूलवर 10 अँपिअर छापलेलं असतं, पण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. रिलेची टोकं त्या ठिणगीने एकमेकांना चिकटू शकतात. मग प्रोग्रॅम बंद म्हणत राहतो आणि मोटर चालूच राहते. मोटरसाठी योग्य मापाचा कॉन्टॅक्टर लागतो, आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा. नवशिक्याने स्वतःचं काम 5 व्होल्टच्या बाजूलाच ठेवावं आणि मोटरचा स्विच तूर्त माणसाच्या हातात राहू द्यावा.