एका तरुणाचे मत तीस जणांएवढे

2016 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतली एक मतचाचणी बाकीच्यांपासून फटकून होती. साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ यांच्या या चाचणीत डोनाल्ड ट्रम्प बऱ्याचदा पुढे दिसत, इतरत्र मात्र हिलरी क्लिंटन आघाडीवर असत. चाचणीवाल्यांनी आपली मूळ आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवली होती, हा त्यांचा मोठेपणा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या नेट कोहन यांनी ती तपासली, तेव्हा एका माणसापाशी ते थबकले. इलिनॉय राज्यातला 19 वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण, ट्रम्प यांचा समर्थक. सुमारे 3000 जणांतला तो एक, पण त्याच्या उत्तराला कधी कधी सरासरी माणसाच्या 30 पट वजन मिळत होते. सर्वांत कमी वजनाच्या माणसाशी तुलना केली तर 300 पट. हा तरुण एकटा ट्रम्प यांच्या बाजूने एका टक्क्याचा फरक पाडू शकत होता.

यात कुणाची लबाडी नव्हती. प्रत्येक गंभीर सर्वेक्षणात वापरली जाणारी रीतच इथे टोकाला गेली होती. उत्तर देणारे लोक आणि प्रत्यक्षातले लोक यांचे प्रमाण कधीच तंतोतंत जुळत नाही, म्हणून उत्तरे गोळा झाल्यावर ती गटागटाने कमी-जास्त मोजायची, अशी ही रीत आहे. प्रत्येक उत्तराला जे वजन मिळते त्याला भार म्हणतात.

एक सोपे उदाहरण सोडवून पाहू. समजा, एका राज्यातल्या मतदारांत 40 टक्के पदवीधर आहेत आणि 60 टक्के बिगरपदवीधर. आपण 1000 जणांना विचारले, पण उत्तर देणाऱ्यांत निघाले 550 पदवीधर आणि 450 बिगरपदवीधर. हे नेहमीच घडते, कारण शिकलेला माणूस सर्वेक्षणाला जास्त सहज होकार देतो. आता पदवीधरांपैकी 58 टक्के, म्हणजे 319 जण एका उमेदवाराच्या बाजूचे आहेत, आणि बिगरपदवीधरांपैकी 42 टक्के, म्हणजे 189. बेरीज 508. उमेदवार निम्म्याच्या वर आहे, बातमी तयार!

पण 40 ला 55 ने भागले की पदवीधराचा भार येतो 0.727, आणि 60 ला 45 ने भागले की बिगरपदवीधराचा 1.333. हे भार लावले की 319 चे होतात 232 आणि 189 चे 252. बेरीज 484. तीच माणसे आणि तीच उत्तरे, पण उमेदवार आता निम्म्याच्या खाली आहे.

या भागाकारातला वरचा आकडा बाहेरून यावा लागतो, बहुधा जनगणनेतून किंवा सरकारच्या मोठ्या पाहण्यांतून. आपल्याकडे तिथेच घोडे अडते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातली शहरी लोकसंख्या सुमारे 45 टक्के होती. आज ती किती आहे हे नव्या जनगणनेशिवाय नेमके सांगता येत नाही, आणि 2011 मध्ये पाच वर्षांची असलेली मुले 2024 मध्ये मतदार झाली. जुन्या प्रमाणावर भार बेतला, तर हिशेब कितीही चोख असला तरी तो जुन्या महाराष्ट्राचा असतो.

कोणत्या गटांनुसार भार द्यायचा, हा निर्णय मात्र कुठल्याही जनगणनेत लिहिलेला नसतो. वरच्या उदाहरणात दोन्ही गटांची पसंती सारखीच असती, तर भार लावून निकाल तसूभरही हलला नसता. गट उत्तराशी निगडित असेल तरच भाराला अर्थ असतो. 2016 मध्ये अमेरिकेतल्या राज्यपातळीवरच्या अनेक चाचण्या नेमक्या इथे चुकल्या. त्यांनी वय, लिंग, वंश यांचा भार दिला, पण शिक्षणाचा दिला नाही. आधीच्या निवडणुकांत ते खपून जात असे, कारण सर्वांत कमी शिकलेले आणि सर्वांत जास्त शिकलेले असे दोन्ही टोकांचे मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकत आणि चूक आपोआप बुजत असे. 2016 मध्ये शिक्षण वाढेल तसा क्लिंटन यांचा पाठिंबा वाढत गेला. नमुन्यात पदवीधर जास्त भरलेले होते, त्यामुळे क्लिंटन यांचे आकडे फुगले. मिशिगन हे राज्य ट्रम्प यांनी अखेर 10,704 मतांनी जिंकले.

मग शक्य तितक्या गटांचा भार का देऊ नये? कारण त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजण्याचे एक सूत्र आहे. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखले जाते.

```
n_eff = (Σw)² / Σw²
```

इथे w म्हणजे प्रत्येकाचा भार. सगळ्या भारांची बेरीज करून तिचा वर्ग घ्यायचा आणि त्याला भारांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. आलेला आकडा सांगतो की इतक्या माणसांची माहिती प्रत्यक्षात किती माणसांच्या तोलाची उरली. आपल्या उदाहरणात 1000 चे सुमारे 917 उरतात. प्रमाण दुरुस्त होत असेल तर एवढा तोटा सोसायला हरकत नाही. पण 3000 जणांत एकाचा भार 30 असेल आणि बाकी सगळ्यांचा अगदी सारखा धरला, तरी 3000 चे सुमारे 2340 होतात. एका माणसापायी साडेसहाशेच्या वर उत्तरे वाया!

त्या तरुणाचा भार इतका वाढला, कारण चाचणीवाल्यांनी गट फार बारीक पाडले होते. 18 ते 21 वयाचे पुरुष, असा एक वेगळा गट होता. असे लोक नमुन्यात मुळातच मोजके, त्यात कृष्णवर्णीय आणखी मोजके. शिवाय 2012 मध्ये कुणाला मत दिले, या उत्तराचाही भार होता. ज्या कप्प्यात दोन-चारच माणसे येतात तिथे त्यांच्यापैकी एकाचा लहरी कल हा अख्ख्या गटाचा कल होऊन बसतो. म्हणून अनेक संस्था बारीक गट एकत्र करतात किंवा भाराला वरची मर्यादा घालतात. तसे केले की प्रमाण थोडे चुकते, पण आकडा एका माणसाच्या हातात राहत नाही. माझ्या मते हा सौदा जवळजवळ नेहमीच करावा. ट्रम्प जिंकल्यावर त्या चाचणीचे कौतुक झाले, पण देशभरच्या मतांत तिने शेवटी ट्रम्प यांना सुमारे तीन टक्के पुढे दाखवले होते, आणि प्रत्यक्षात क्लिंटन यांना दोन टक्के मते जास्त पडली.

2020 पर्यंत बहुतेक संस्थांनी शिक्षणाचा भार लावायला सुरुवात केली. तरीही त्या वर्षी देशपातळीवरच्या चाचण्यांची चूक गेल्या 40 वर्षांत सर्वांत मोठी ठरली. मतचाचणी घेणाऱ्यांच्या अमेरिकी व्यावसायिक संघटनेने तिची चौकशी केली आणि शिक्षणाचा भार न लावणे हे या वेळचे कारण नाही, असे सांगितले. मूळ कारण निर्विवाद सापडले नाही. त्यांना शक्य वाटलेले एक कारण असे की एकाच गटातले उत्तर देणारे आणि न देणारे यांचे मतच वेगळे होते. बिगरपदवीधर मतदारांचे प्रमाण भाराने बरोबर 60 टक्के करता येते, पण फोन उचलून बोलणारा बिगरपदवीधर हा फोन न उचलणाऱ्यासारखाच विचार करतो, हे त्या हिशेबात गृहीत धरलेले असते. ते गृहीतक खोटे असेल तर जितका जोरदार भार द्यावा तितके बोलणाऱ्यांचेच मत मोठे होते. आणि न बोललेल्यांना काय वाटत होते, हे हातातल्या आकड्यांतून तपासायला वाव नसतो. ते मतमोजणीच्या दिवशीच कळते.